चारही पाय जमिनीवर : खंड्याच्या प्रशिक्षणाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

आज संध्याकाळी आई आली. दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत आमचा कुत्रा खंड्या तिच्या छातीवर होता. आई ७१ वर्षांची, खंड्याचं वजन २६ किलो. तिचा चष्मा खाली पडला, तिने चौकट धरली म्हणून ती पडली नाही. मनगटावर नखाचा लांब ओरखडा उठला. "अगं, प्रेमाने येतो गं तो," ती म्हणाली, पण बसल्यावर तिचे हात थरथरत होते ते मला दिसलं.

खंड्या दोन वर्षांचा आहे. पिल्लू असताना तो असाच अंगावर चढायचा आणि आम्ही सगळे त्याला उचलून घ्यायचो. कुत्र्याच्या पिल्लाला मोठ्यांच्या तोंडाशी पोचायचं असतं, चाटायचं असतं. माणसाचं तोंड उंचावर, म्हणून उडी. त्यात वाईट हेतू नाही, की वरचढपणाही नाही. आम्ही दीड वर्ष ती उडी स्वतःच जोपासली.

आजपासून नोंदी ठेवते. उद्दिष्ट एका वाक्यात: दार उघडल्यापासून पाहुणा खुर्चीत बसेपर्यंत खंड्याचे चारही पाय जमिनीवर राहिले पाहिजेत. "बस" हा हुकूम मी यात मुद्दाम घेतलेला नाही. माणूस आल्याच्या आनंदात त्याला मागचा भाग जमिनीला टेकवून ठेवणं फार जड जातं, आणि बसणं मोडलं की तो थेट उडीतच जातो. उभा राहू दे, शेपटी हलवू दे, अंग वळवळू दे. पाय तेवढे खाली हवेत.

९ फेब्रुवारी

सहा दिवस काहीही शिकवलं नाही, फक्त मोजलं. घरात सात वेळा कुणी ना कुणी आलं. पहिल्या मिनिटातल्या उड्या अनुक्रमे ६, ४, ७, ५, ३, ६, ५. पण उड्यांपेक्षा उपयोगी ठरली ती दुसऱ्या रकान्यातली नोंद: उडी मारल्यावर माणसाने नेमकं काय केलं.

दादाने दोन्ही हातांनी त्याला ढकललं, आणि खंड्या दुप्पट जोराने परत आला, कारण ढकलाढकली हा त्याचा आवडता खेळ आहे. शेजारच्या काकूंनी "अरे अरे अरे" करत हात डोक्याच्या वर नेले. हात वर गेले की तोही वर. मी स्वतः "खंड्या, नाही!" असं ओरडत त्याचा पट्टा धरला. म्हणजे सातही वेळा उडीनंतर त्याला तीन गोष्टींपैकी काहीतरी मिळालं: स्पर्श, आवाज किंवा डोळ्यांत डोळे घालून बघणं. तो यासाठीच उडी मारतो. आम्ही ज्याला रागावणं समजत होतो ते त्याच्या हिशेबात बक्षीस होतं. आणि जो क्षणभर तो जमिनीवर उभा होता, त्या क्षणी त्याच्याकडे कुणीही बघितलं नव्हतं.

एक परिचित म्हणाले की गुडघा वर करून छातीत मारा, दोनदा लागलं की विसरेल. ते मी करणार नाही. बरगड्यांना इजा होऊ शकते हे एक. दुसरं म्हणजे, माणूस घरात आला की दुखतं असं त्याच्या मनात बसलं, तर आज आनंदाने धावणारा कुत्रा उद्या दारात गुरगुरायला लागेल. आणि गुडघा मारला तरी त्यातून दारात उभं कसं राहायचं हे त्याला कळत नाहीच.

आजपासून सराव नसताना कुणीही आलं तर खंड्या आतल्या खोलीत, जाळीच्या फाटकामागे. रोज एकीकडे शिकवायचं आणि दुसरीकडे त्याला दहा यशस्वी उड्या मारू द्यायच्या, असं चालणार नाही.

१० फेब्रुवारी

मांडणी केली. दारापासून साधारण चार मीटर आत भिंतीत पक्की कडी आहे, तिला दीड मीटरचा पट्टा. पट्टा गळ्यातल्या कॉलरला नाही, तर हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला. तो पुढे झेपावला तर मानेला हिसका बसू नये. बांधलेला असताना मी खोलीतून बाहेर जाणार नाही. खंड्या माणसांना घाबरत नाही म्हणूनच हा मार्ग चालतो. घाबरणाऱ्या कुत्र्याला असं बांधून त्याच्याकडे माणूस चालवत आणला तर त्याला पळायला जागा उरत नाही, आणि मग तो दात दाखवतो.

पट्टा ताणून त्याचे पुढचे पंजे जिथपर्यंत पोचतात तिथे जमिनीवर खडूची रेघ मारली. रेघेच्या बाहेर उभ्या माणसापर्यंत उडी पोचत नाही.

खाऊ म्हणजे उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे. खुणेचा शब्द "टिक". "शाब्बास" घेतला नाही कारण तो आम्ही घरात दिवसभर बोलतो. "टिक" म्हणायचं आणि लगेच तुकडा द्यायचा, असं पंधरा वेळा केलं. दहाव्या वेळेपासून "टिक" ऐकताच तो नजर माझ्या हाताकडे नेऊ लागला. शब्दाचा अर्थ लागला.

१४ फेब्रुवारी

चार दिवस पाहुणी मीच. दाराकडून रेघेकडे चालत यायचं, चारही पाय खाली असताना "टिक" आणि तुकडा. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी चार मिनिटं, त्याहून जास्त नाही.

तुकडा कुठे द्यायचा याने किती फरक पडतो हे या चार दिवसांत डोळ्यांनी पाहिलं. पहिल्या दिवशी मी हातातून, कमरेच्या उंचीवर देत होते. तोंड वर, मान वर, आणि त्यासोबत पुढचे पंजेही सुटायचे. दुसऱ्या दिवसापासून तुकडा त्याच्या पुढच्या दोन पंजांच्या मधोमध जमिनीवर ठेवायला लागले. आता "टिक" ऐकलं की त्याचं नाक आपोआप खाली जातं. डोकं खाली असलेल्या कुत्र्याला उडी मारायची तर आधी डोकं उचलावं लागतं, आणि तेवढ्या वेळात दुसरा तुकडा खाली ठेवता येतो.

माझ्यासोबत चौदा तारखेला १० पैकी ९ वेळा पाय खाली राहिले. पण मी त्याला दिवसभर दिसते. माझ्या येण्यात काय नवल.

१८ फेब्रुवारी

दादा पाहुणा म्हणून आला. त्याला सांगितलं: रेघेपर्यंत चालत ये. पाय खाली राहिले तर पोच, मी तुकडा देईन, तू बोल. उडी मारली तर पाठ फिरव आणि दारापर्यंत परत जा.

पहिल्या तीन वेळा खंड्याने अशा उड्या मारल्या की पट्टा वाजला. चौथ्या वेळी उडीसोबत भुंकायलाही लागला, जे तो एरवी करत नाही. दादा म्हणाला, "हे तर वाढलंय." हे अपेक्षित होतं. आजवर जी गोष्ट केली की माणूस मिळायचा, ती करूनही माणूस निघून जातो म्हटल्यावर कुत्रा तीच गोष्ट आधी जास्त जोरात करून बघतो. इथेच बहुतेक घरांत माणसं हार मानतात आणि कुत्र्याला कुरवाळतात, आणि मग तो शिकतो की जोर वाढवला की जमतं. आम्ही थांबलो नाही. पाचव्या फेरीत तो उभा राहिला. दादा रेघेशी पोचला, मी "टिक" म्हटलं, तुकडा पंजांच्या मध्ये गेला.

आज १० पैकी ४ उड्या.

२२ फेब्रुवारी

काहीतरी चुकतंय. चार दिवस, पाहुणा रोज दादाच, १० फेऱ्यांत उड्या: ४, ४, ५, ४. आकडा हलत नाही. आणि तरीही बघणाऱ्याला वाटेल की प्रगती छान आहे, कारण खंड्या आता फार पटकन खाली येतो.

आज फोन खुर्चीवर उभा करून व्हिडिओ काढला आणि रात्री सावकाश पाहिला. दादा येतो. रेघेपासून दोन पावलांवर असताना खंड्या वर जातो. लगेच खाली येतो, नाक जमिनीला लावतो, आणि माझ्याकडे बघतो. मी म्हणते "टिक". तुकडा.

तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा उमगलं. दादा परत फिरायला एक-दीड सेकंद उशीर करतोय, तेवढ्यात खंड्या खाली आलेला असतो, आणि मी "पाय खाली आहेत" म्हणून बक्षीस देते. पण खंड्याच्या बाजूने बघितलं तर मी संपूर्ण साखळीला पैसे देतेय: वर जा, खाली ये, नाक टेकव, तुकडा घे. उडी ही त्या साखळीची पहिली कडी झाली आहे. उडी मारलीच नाही तर खाली कसं येणार? पहिल्या दिवशी त्याला खाली यायला सुमारे तीन सेकंद लागायचे, आज एकाहून कमी. तो खाली येण्यात तरबेज झाला, उडी सोडण्यात नाही.

ही चूक ओळखायची खूण आता माझ्यापुरती पक्की: उड्यांची संख्या तशीच राहते आणि खाली येण्याचा वेळ मात्र कमी होत जातो. "खाली" हा हुकूम शिकवलेल्या कुत्र्यांचंही बहुधा हेच होत असावं. हुकूम उत्तम पाळतात, आणि तो हुकूम मिळावा म्हणून दर पाहुण्यावर एकदा चढतात.

२४ फेब्रुवारी

दोन दिवस सराव बंद ठेवला, व्हिडिओच पाहिला. मला उडीच्या आधीचा क्षण शोधायचा होता. सापडला.

दादा साधारण अडीच मीटरवर आला की खंड्याची शेपटी अर्धवट वर्तुळात फिरत असते. मग शेपटी क्षणभर थांबते. कान पुढे येतात, तोंड मिटतं. मागचे गुडघे जरा वाकतात, अंगाचा भार मागे सरकतो आणि पुढचे पंजे हलके होतात, इतके की एक पंजा जमिनीवर नुसता टेकलेला असतो, त्यावर वजन नसतं. त्यानंतर सुमारे अर्ध्या सेकंदात उडी. म्हणजे "टिक" म्हणायची वेळ ही की शेपटी अजून हलतेय, तोंड उघडं आहे, चारही पंजांवर भार आहे. तोंड मिटलं की उशीर झालेला असतो.

नवे नियम लिहिले.

दादाने एकदम रेघेपर्यंत यायचं नाही. एक पाऊल टाकायचं, थांबायचं. प्रत्येक पावलाला "टिक" आणि तुकडा, मागणी करायच्या आधीच. पुढचा पंजा हलका होताना दिसला की मी हात वर करते आणि दादा लगेच एक पाऊल मागे. भार परत पुढे आला की पाऊल पुढे.

तरीही उडी झालीच तर खाली आल्यावर काहीही नाही. दादा पाठ न फिरवता फक्त खांदा वळवून दाराशी परत जातो, मी जमिनीकडे बघते, मनात दहापर्यंत मोजते. हे दहा आकडे उडी आणि पुढच्या तुकड्यामधली साखळी तोडण्यासाठी आहेत. त्यानंतरची फेरी अर्ध्याच अंतरापर्यंत. लागोपाठ दोन उड्या झाल्या तर चूक माझी, काम त्याच्यासाठी अवघड ठेवलं होतं. अंतर वाढवायचं किंवा थांबायचं.

आज दादा रेघेपासून दोन मीटर बाहेरच राहिला. १० फेऱ्या, १ उडी. तुकडे मात्र साठच्या आसपास गेले, म्हणून रात्रीच्या जेवणातून तेवढं कमी केलं.

२ मार्च

उड्या: १, २, ०, १, ०, ०. रेघेपर्यंत पोचलो. पुढे सरकण्याचा माझा नियम असा आहे की लागोपाठ दोन सरावांत १० पैकी निदान ८ फेऱ्या स्वच्छ झाल्या तरच अवघडपणा वाढवायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. दादा जवळ येणार असेल तर गप्प राहील. बोलणार असेल तर लांब उभा राहील. दोन्ही एकदम केलं ते २७ तारखेला, त्या दोन उड्या त्याच्याच.

आज नवीन दिसलं ते असं: दादा दारात दिसताच खंड्याने डोकं स्वतःहून खाली घातलं आणि पंजांच्या मधली जागा हुंगली. तिथे अजून काही नव्हतं. माणूस आला की खाली बघायचं, ही त्याची स्वतःची सवय होऊ लागली आहे. मला याचं फार बरं वाटलं.

५ मार्च

आता हात. पाहुण्याचा हात डोक्यावरून आला की खंड्या हाताकडे तोंड नेतो आणि पंजे सुटतात. म्हणून दादाला सांगितलं की हात खालून, हनुवटीच्या खालून छातीकडे ने. तीन सेकंद खाजव, मग थांब आणि हात मागे घे. खंड्या स्वतः जवळ सरकला तर परत तीन सेकंद. तोंड फिरवलं तर सोडून दे.

खाजवताना मी पहिले काही दिवस जमिनीवर तुकडे ठेवत राहिले, नंतर हळूहळू बंद केले, कारण स्पर्श हेच तर त्याला उडीतून हवं होतं. आता तेच उभं राहून मिळतं. तीन सेकंदांची मर्यादा महत्त्वाची निघाली. दादाने एकदा वीस सेकंद जोरात चोळलं आणि खंड्याचं अंग इतकं तापलं की शेवटी तो उडालाच.

९ मार्च

घंटा. आत्तापर्यंतचा सगळा सराव घंटेशिवाय होता. घंटा वाजली की खंड्या माणूस दिसायच्या आधीच अर्धा हवेत असतो, त्यामुळे घंटेचं काम वेगळं काढलं, माणसाशिवाय.

आमच्या दाराच्या घंटेचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला. कडीजवळ त्याची चटई टाकली. आधी आवाज अगदी हळू. घंटा वाजते, एक सेकंद जातो, चटईवर चार-पाच तुकडे पसरतात. क्रम उलटा होता कामा नये. तुकडे आधी दिसले तर घंटेला अर्थ राहत नाही. दिवसाला दहा-बारा वेळा, वेगवेगळ्या वेळी, दार न उघडता. चौथ्या दिवसापासून घंटा वाजली की तो दाराकडे एक नजर टाकून चटईकडे धावतो आणि नाक जमिनीला लावून शोधतो. आवाज आता खऱ्या घंटेएवढा केला आहे.

तुकडे पसरून टाकते, एका ढिगात नाही. शोधण्यात त्याचे पंधरा-वीस सेकंद जातात, आणि नाकाने शोधणारा कुत्रा शांत होतो. तेवढ्या वेळात मी पट्टा कडीला लावून दार उघडू शकते.

१४ मार्च

आजची घटना लिहून ठेवते कारण तिचे परिणाम पुढे दिसतील. घंटा वाजली, खंड्या चटईवर गेला, मी पट्टा लावला, दार उघडलं. एक जुने स्नेही होते. मी म्हटलं, "दोन मिनिटं रेघेबाहेर थांबता का, त्याला शिकवतेय." ते म्हणाले, "छे, मला काही होत नाही, मला कुत्रे फार आवडतात," आणि सरळ आत आले, दोन्ही हात पसरून, "अरे माझा राजा!" खंड्या त्यांच्या छातीवर. त्यांनी त्याला मिठी मारली.

एका उडीला एवढं मोठं बक्षीस गेल्या महिनाभरात मिळालं नव्हतं.

१७ मार्च

परिणाम: दादासोबत १० पैकी ३, ३, २ उड्या. दोन आठवड्यांपूर्वी शून्य होत्या.

दर वेळी मिळणारं बक्षीस बंद झालं तर कुत्रा लवकर सोडून देतो. कधीमधी मिळणारं बक्षीस मात्र सवय अतिशय चिवट करतं, कारण आज नाही मिळालं तरी उद्या मिळेल असं त्याला वाटत राहतं. घरातली पाच माणसं नियम पाळणारी आणि सहावा मिठी मारणारा, ही नेमकी तशीच मांडणी आहे. त्या स्नेह्यांचा दोष नाही. त्यांना दारात, खंड्यासमोर, दोन वाक्यांत समजावता येईल, हा माझा अंदाज चुकला.

म्हणून पाहुण्यांचे दोन गट केले. सरावाचे पाहुणे: ज्यांना आधी फोनवर सांगता येतं. त्यांना एकच गोष्ट सांगते, "हात खाली ठेवा, आणि मी 'मागे' म्हटलं की एक पाऊल मागे या." एवढंच लक्षात राहतं. बाकी सगळ्यांसाठी खंड्या फाटकामागे, चघळायला काहीतरी देऊन. दहा मिनिटांनी, पाहुणा बसल्यावर आणि खंड्या थंडावल्यावर, पट्ट्यावर बाहेर. बसलेल्या माणसाला भेटणं त्याला फार सोपं जातं.

२१ मार्च

शेजारच्या काकू सरावाला आल्या आणि पहिल्याच फेरीत दोन उड्या. कारण काकू म्हणजे दादा नाहीत. आवाज बारीक, खांद्यावर पिशवी, ओढणी हलते. कुत्रा "पाहुण्यांवर चढू नये" असं शिकत नाही, "दादावर चढू नये" असं शिकतो, आणि चार-पाच वेगवेगळ्या माणसांनंतर कुठे ते माणसांवर पसरतं. काकूंसाठी दोन मीटरपासून पुन्हा सुरुवात केली. पण जे काम दादासोबत दोन आठवडे चाललं, ते त्यांच्यासोबत दोन दिवसांत झालं.

काकूंनी स्वतःहून सुचवलेली गोष्ट उपयोगी पडली: पिशवी दाराबाहेर ठेवून यायची, मग हळूहळू पिशवीसकट.

२९ मार्च

पुतणी आली, ९ वर्षांची. तिला खंड्या आवडतो आणि ती त्याला बघून किंचाळते, धावते. एवढं एकत्र पेलणं त्याला आज शक्य नाही, आणि तिची उंची म्हणजे त्याचं तोंड थेट तिच्या चेहऱ्यासमोर. म्हणून फाटक मध्ये ठेवलं. ती फाटकाबाहेर, तो आत. चारही पाय खाली दिसले की तिने "टिक" म्हणायचं आणि तुकडा जाळीवरून त्याच्या मागे जमिनीवर टाकायचा. हातातून द्यायचा नाही. मागे टाकलेला तुकडा घ्यायला तो वळतो, परत येतो, उभा राहतो, आणि तिला पुन्हा "टिक" म्हणायची संधी मिळते.

तिची नजर माझ्यापेक्षा तयार निघाली. "आत्या, त्याचा एक पाय हलका झालाय बघ," असं तिनेच मला दोनदा सांगितलं.

फाटकाशिवाय भेट इतक्यात नाही. लहान मुलांच्या बाबतीत मी घाई करणार नाही.

६ एप्रिल

कडीवरून पट्टा सोडला. हार्नेसला दोन मीटरचा हलका पट्टा, जमिनीवर लोळता. पाहुणा येताना मी पट्ट्यावर पाय ठेवून उभी राहते, इतकी ढील ठेवून की तो आरामात उभा राहू शकेल, पण चढू शकणार नाही. पट्टा ओढत नाही, हिसका देत नाही. तो फक्त एखादी उडी यशस्वी होऊ नये यासाठी आहे. उडी रोखली गेली हे शिक्षण नाही. शिकतो तो पाय खाली असताना जे मिळतं त्यातून.

पाच पाहुणे, तेवीस फेऱ्या, उडीचे २ प्रयत्न, दोन्ही वेळा काकूंच्या यजमानांवर, ज्यांना तो पहिल्यांदाच भेटत होता.

तुकडे कमी करतेय. आधी प्रत्येक पावलाला, मग पोचल्यावर एक, आता पोचल्यावर स्पर्श आणि मध्येच कधीतरी तुकडा. पूर्ण बंद करणार नाही. घंटेनंतर चटईवर पसरायचे तुकडे तर मुळीच नाही, कारण तिथेच त्याचं डोकं सगळ्यात आधी खाली जातं.

१२ एप्रिल

आई येणार होती. तिला कालच फोनवर सांगितलं. कडीला पट्टा परत बांधला, कारण आईच्या बाबतीत मला शंभरपैकी एकही उडी नको होती.

घंटा. खंड्या चटईवर, नाक खाली. मी पट्टा लावला, दार उघडलं. आई काठी घेऊन रेघेच्या बाहेर थांबली. "खंड्या," ती हळूच म्हणाली. शेपटी एवढी हलत होती की मागचा भागही हलत होता. तोंड उघडं. "टिक." तुकडा. आईने एक पाऊल टाकलं. "टिक." दुसरं पाऊल. इथे त्याचे कान पुढे आले, तोंड मिटलं, डावा पंजा हलका झाला. "आई, मागे." ती एक पाऊल मागे सरकली. मी थांबले. तो क्षणभर तसाच उभा होता, मग पंजा पूर्ण टेकला, जीभ बाहेर आली, त्याने खाली हुंगलं. "टिक."

आई रेघेपर्यंत आली. मी खुर्ची तिथेच ठेवली होती, ती बसली. हात खालून पुढे केला. खंड्याने हनुवटी तिच्या तळहातावर ठेवली आणि तशीच ठेवून उभा राहिला. तिने तीन सेकंद खाजवलं, हात मागे घेतला. तो एक पाऊल पुढे सरकला, मान लांब करून, चारही पाय खाली. तिने परत हात पुढे केला.

उड्या ०. आईच्या येण्यातली ही पहिली शून्याची नोंद.

१९ एप्रिल

आज दार उघडलं तेव्हा बाहेर हेल्मेट घातलेला माणूस होता, हातात मोठं खोकं. खंड्या चटईवरून उठला आणि भुंकत मागे सरला. उडी नव्हती, पण हा आनंद नव्हता, भीती होती: शेपटी खाली, अंग मागे. त्याला लगेच फाटकामागे नेलं. हेल्मेटवाल्या माणसाला रेघेपर्यंत चालवत आणणं हा यावरचा उपाय नाही. आधी नुसतं हेल्मेट जमिनीवर ठेवून त्याच्याभोवती तुकडे टाकणार आहे, मग दादाच्या हातात, मग डोक्यावर. त्याच्या नोंदी वेगळ्या वहीत.

पुतणी पुढच्या रविवारी येतेय. फाटक मध्येच राहील. यावेळी तिला धावायच्या ऐवजी चालत यायला सांगितलं आहे, आणि किंचाळायचं असेल तर आधी बाहेर किंचाळून ये, असंही.